दारातली तीन बोटांची पट्टी

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मावशीचा फोन आला. "अगं, बेडरूमची जमीन फुगलीय. दार उघडताना घासतंय. ये बाई एकदा बघायला." कोथरूडचं तिचं घर पस्तीस वर्षांपूर्वीचं. मे महिन्यात तिनं बेडरूममध्ये जुन्या टाइल्सवरच लाकडी फ्लोअरिंग टाकून घेतलं होतं. मी तेव्हा परगावी होते, म्हणून काम पाहायला नव्हते. इंटिरियरच्या कामात इतकी वर्षं काढल्यावर फोनवरचं हे एक वाक्य ऐकूनच मनात आलं, की दोष जमिनीत नसणार, दारातल्या पट्टीत असणार.

जाऊन पाहिलं तर दारापासून हातभर आत दोन फळ्यांचा सांधा घराच्या कौलारू छपरासारखा वर आला होता. त्यावर पाय दिला की खाली जायचा आणि उचलला की परत वर यायचा. बाकीची जमीन सपाट होती, ओल कुठेच नव्हती. आणि दारात एक सोनेरी, चकचकीत टी-पट्टी चार स्क्रूंनी घट्ट बसवलेली होती. स्क्रू थेट लाकडातून खालच्या टाइलमध्ये गेले होते.

"आधी स्क्रू नव्हते गं," मावशी म्हणाली. "पट्टी डुगडुगायची. माझा अंगठा दोनदा आपटला त्याच्यावर. म्हणून त्या कारपेंटरला परत बोलावलं, तर त्यानं स्क्रू मारून दिले. तेव्हापासून हलत नव्हती."

सगळी गोष्ट या चार वाक्यांत आली आहे. पट्टी का डुगडुगत होती, अंगठा का आपटला आणि स्क्रू मारल्यावर जमीन का फुगली, ही एकाच साखळीची तीन टोकं आहेत.

टाइल आणि लाकूड जिथे भेटतात तिथे पट्टी का लागते, असं विचारलं की बहुतेक जण म्हणतात, कडा झाकायला. ते खरं आहे, पण अर्धं. टाइल खालच्या सिमेंटला चिकटलेली असते, ती जागची हलत नाही. घरांत सध्या टाकतात ते लॅमिनेट किंवा क्लिकचं लाकडी फ्लोअरिंग मात्र कशालाच चिकटवलेलं नसतं. फळ्या एकमेकींत अडकवून, खाली फोमचा पातळ थर घालून, एक मोठी सतरंजी अंथरावी तशी ती जमीन नुसती ठेवलेली असते. आणि ही सतरंजी ऋतूप्रमाणे आखडते, पसरते. लॅमिनेटचा गाभा म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली घट्ट फळी. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तिच्यातलं पाणी उडतं, ती आकसते. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतलं दमटपण ती शोषून घेते आणि फुगते. हे काम करणारे मीटरमागे दीड मिलिमीटर असा हिशेब धरतात. मावशीची खोली दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत 3.6 मीटर आहे, म्हणजे जवळपास साडेपाच मिलिमीटरची हालचाल. तेवढी जागा तिला कुठेतरी मिळायलाच हवी. म्हणून भिंतीच्या कडेनं चहूबाजूंनी 8 ते 10 मिलिमीटर फट सोडतात आणि ती स्कर्टिंगखाली झाकतात. दारात स्कर्टिंग नसतं. तिथली फट पट्टी झाकते.

म्हणजे पट्टीनं फट झाकायची आणि फळीला तिच्याखालून मोकळं सरकू द्यायचं. पट्टी एकतर खालच्या जमिनीला धरते, नाहीतर टाइलच्या बाजूला. लाकडाला ती कधीही धरत नाही, त्याच्यावर नुसती टेकते. मावशीच्या दारात नेमका हाच नियम मोडला होता. चार स्क्रूंनी जमिनीचं एक टोक खिळवून टाकलं होतं. समोरच्या भिंतीचं स्कर्टिंग मी काढलं, तर तिथे फट जेमतेम 2 मिलिमीटर ठेवलेली आणि पावसात फळ्या भिंतीला जाऊन भिडलेल्या. एका टोकाला भिंत, दुसऱ्या टोकाला स्क्रू. मधली जमीन वर येणार नाही तर काय करणार?

काम मे महिन्यात झालं होतं, याचाही यात हात होता. तेव्हा फळ्या वर्षातल्या सगळ्यात कोरड्या, म्हणजे सगळ्यात आखूड असतात. त्यानंतर त्या फक्त वाढणारच. उन्हाळ्यात जमीन टाकताना फट मोकळेपणानं सोडावी लागते. पावसाळ्यात टाकली तर उलट होतं. फळ्या तेव्हाच फुगलेल्या असतात, पुढे मार्चपासून त्या पट्टीखालून मागे सरकतात, आणि पट्टी अरुंद असेल तर एक दिवस तिच्या कडेला काळी रेघ दिसायला लागते. ती काळी रेघ म्हणजे उघडी पडलेली फट. फळ्यांचे गठ्ठे घरात आणून किमान 48 तास त्याच खोलीत आडवे ठेवायचे असतात ते याचसाठी, की त्यांनी त्या खोलीची हवा अंगात मुरवून घ्यावी. पण दोन दिवसांत ऋतू बदलत नाही. फटीचा हिशेब करावाच लागतो.

आता पट्टी मुळात का डुगडुगत होती, ते पाहू. टी-पट्टी नावाप्रमाणे इंग्रजी 'टी'सारखी असते. वर सपाट माथा, मध्ये खाली उतरणारा दांडा. दांडा फटीत जातो आणि माथ्याचे दोन पंख दोन्हीकडच्या जमिनींवर टेकतात. हे पंख एकाच पातळीत असल्यामुळे दोन्ही जमिनीही जवळपास एकाच पातळीत असाव्या लागतात. फरक 3 मिलिमीटरपर्यंत असेल तर टी-पट्टी चालते. सुतार-मिस्त्र्यांच्या भाषेत हे झालं एक सूत, कारण इंचाचे आठ भाग केले की एक सूत आणि ते तीन मिलिमीटरहून जराच जास्त भरतं. फरक एक सुताच्या पुढे गेला की एक पंख उंच जमिनीवर टेकतो आणि दुसरा अधांतरी राहतो, किंवा पट्टी तिरकी बसते आणि तिची कड वर उभी राहते. पाय पडला की ती झुलते. मावशीच्या घरी जुन्या टाइलवर 2 मिलिमीटरचा फोम आणि त्यावर 8 मिलिमीटरची फळी होती. हॉलची टाइल आणि बेडरूमची टाइल एकाच पातळीत. म्हणजे दारात सरळ 10 मिलिमीटरची, तीन सुतांहून जास्तीची पायरी झाली होती. तिथे टी-पट्टी बसवणं म्हणजे चारातला एक पाय आखूड असलेलं स्टूल ठेवणं. त्या कारपेंटरला डुगडुग दिसली आणि त्यानं डुगडुगीवर इलाज केला. उंची मोजली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

उंची मोजायला महागडं साधन लागत नाही. एक सरळ फूटपट्टी किंवा लांब लेव्हल उंच जमिनीवर ठेवून तिचं टोक खालच्या टाइलवर अधांतरी काढायचं. मग टोकाखाली, टाइलवर, जुनी एटीएम कार्डं एकावर एक रचत जायचं, पट्टीला भिडेपर्यंत. कार्ड 0.76 मिलिमीटर जाड असतं. उठावाची अक्षरं नसलेली गुळगुळीत कार्डं घ्यायची, म्हणजे चार कार्डांची थप्पी बरोबर तीन मिलिमीटर भरते. चार कार्डांत काम झालं तर टी-पट्टी, पाचवं लागलं तर दुसऱ्या पट्टीचा विचार. आणि हे दाराच्या डाव्या, उजव्या आणि मधल्या, अशा तीन ठिकाणी मोजायचं. जुन्या घरांत टाइल एका बाजूला बसलेली असते, नव्या घरांतही दारात एक-दीड मिलिमीटरचा फरक सहज निघतो. मावशीच्या दारात डावीकडे 13 कार्डं बसली, उजवीकडे 14. म्हणजे 10 मिलिमीटर आणि साडेदहा. पट्टी निवडताना मोठा आकडा धरायचा.

इतक्या फरकाला जी पट्टी लागते तिला बाजारात रिड्यूसर म्हणतात. तिची एक कड लाकडावर टेकते, दुसरी उतरत जाऊन टाइलला मिळते, छोट्या उतारासारखी. अॅल्युमिनियमच्या चांगल्या रिड्यूसरचे दोन भाग असतात. खाली एक रूळ असतो, तो टाइलवर पक्का करायचा, आणि वर झाकण, ते रुळात दाबून किंवा स्क्रूनं बसतं. काही पट्ट्यांत झाकण रुळावर थोडं कलतं, त्यामुळे एकच पट्टी अनेक उंच्यांना चालते. किती उंचीपर्यंत चालते तो आकडा पाकिटावर छापलेला असतो. दुकानात रंग बघण्याआधी तो बघायचा.

दुसरा आकडा मात्र पाकिटावर क्वचितच असतो, आणि माझ्या मते तोच खरा महत्त्वाचा आहे. झाकणाचा ओठ, म्हणजे लाकडावर येणारा भाग, किती रुंद आहे? मावशीच्या दाराचा हिशेब असा होता. दुरुस्ती ऑगस्टमध्ये, म्हणजे फळ्या पूर्ण फुगलेल्या. रुळापासून फळीपर्यंत मी 8 मिलिमीटर फट ठेवली. एप्रिलपर्यंत फळी मागे सरकणार. हालचाल खरं तर दोन्ही टोकांना वाटली जाते, पण समोरच्या भिंतीला मावशीचं लोखंडी कपाट उभं आहे. भरलेलं कपाट जमिनीवर दाबून बसतं, त्या बाजूची जमीन हलत नाही, मग जवळपास सगळी हालचाल दाराकडेच येते. म्हणून मी 5 मिलिमीटर धरले. आठ आणि पाच तेरा. फळी इतकी मागे गेली तरी ओठाखाली किमान 3 मिलिमीटर लपलेली राहायला हवी. म्हणजे ओठ 16 मिलिमीटरचा. पहिल्या दोन दुकानांत दाखवलेल्या नाजूक, सुंदर पट्ट्यांचे ओठ 10 मिलिमीटरचे होते. त्या बसवल्या असत्या तर मार्चमध्ये काळी रेघ दिसली असती. तिसऱ्या दुकानात 16चा ओठ आणि 40 मिलिमीटरचा उतार असलेली पट्टी मिळाली, एकूण तीन बोटं रुंद.

मावशी म्हणाली, "केवढी मोठी आहे ही! अरुंद नाही का मिळत?" मिळते. पण अरुंद पट्टीचा उतारही चढा असतो. दहा मिलिमीटरचा चढ पंधरा मिलिमीटरमध्ये संपवला तर तो उतार राहत नाही, ठेच होते. म्हातारपणी पाऊल जमिनीपासून कमी उचललं जातं आणि अंगठा नेमका अशाच कडेला अडतो. अमेरिकेच्या 2010च्या सुलभतेच्या मानकांत ही रेषा आकड्यांत आखून दिली आहे. जमिनीतला उभा फरक सुमारे 6 मिलिमीटरपर्यंत चालतो. त्यापुढे 13 मिलिमीटरपर्यंत तो उतरता करावा लागतो, आणि त्या उताराची रुंदी उंचीच्या किमान दुप्पट हवी. मी घरात चौपट धरते. वॉकर वापरणारं कुणी असेल तर त्याहून जास्त. मावशीच्या दारातली पायरी 10 मिलिमीटर होती, म्हणून 40चा उतार.

बसवण्याआधी जमीन सोडवायची होती. स्क्रू काढले. तिसरा स्क्रू निघताना फळीतून 'टक्' असा आवाज आला आणि दारातली कड डोळ्यांदेखत तीनेक मिलिमीटर पुढे आली. मावशी दचकली. दोन महिने दाबून ठेवलेली जमीन मोकळी झाली होती. समोरच्या भिंतीला फळ्या 8 मिलिमीटर कापून फट केली, कपाट तेवढ्यापुरतं सरकवून. चौकटीच्या पायांशीही फळी घट्ट कापलेली होती, तिथेही जागा केली. स्क्रूच्या भोकांनी फाटलेली दारातली फळी बदलली, आणि सांधा वर आल्यामुळे जिची खाच तुटली होती ती दुसरी. बाकीची जमीन आठवड्याभरात आपोआप खाली बसली. अशा वेळी वर वजन ठेवून जमीन दाबून बसवायचा प्रयत्न करू नये, अडथळा काढला की ती बसते.

रूळ टाइलवर बसवताना मी भोकं पाडली नाहीत. जुनी टाइल दारात, कडेच्या इतकी जवळ, ड्रिलनं तडकते. शिवाय दारातून वायरिंगचा पाइप गेला असण्याची शक्यता जुन्या घरात नेहमीच असते. टाइल स्पिरिटनं पुसून, वाळवून, रूळ चांगल्या लवचिक अॅडेसिव्हनं चिकटवला आणि एक रात्र दार बंद ठेवून त्यावरून कुणाला जाऊ दिलं नाही. रुळाची जागाही नेमकी ठरलेली असते. दार बंद केल्यावर दाराच्या पाल्याच्या जाडीखाली पट्टी यावी, म्हणजे हॉलमधून लाकूड दिसत नाही आणि बेडरूममधून टाइल दिसत नाही. आणि झाकण कापण्यापूर्वी दार त्याच्यावरून फिरतं का ते बघायचं. लाकडाची 10 मिलिमीटर आणि वर ओठाची 2, म्हणजे पाल्याखाली किमान 15 मिलिमीटर हवेत. मावशीच्या पाल्याला खालून रंधा मारावा लागला.

टाइलच्या बाजूला, उतार जिथे संपतो तिथे, सिलिकॉनची एक बारीक रेघ ओढली. लाकडाच्या ओठाखाली मात्र काहीही लावलं नाही. तिथे सिलिकॉन भरायचा मोह होतो, दिसायला स्वच्छ दिसतं, पण मग पट्टी पुन्हा लाकडाला धरते आणि आपण स्क्रूच्या जागी गोंद आणलेला असतो. टाइलच्या बाजूची रेघ गरजेची, कारण आपल्याकडे लादी ओल्या फडक्यानं पुसतात. हॉल पुसताना पाणी पट्टीखाली गेलं तर लॅमिनेटची कापलेली कड ते पिते. हवेच्या दमटपणानं फुगलेली फळी परत आकसते, पण पाणी प्यायलेली कड परत पूर्वीसारखी होत नाही. ती फुगून कडक होते आणि बोट फिरवलं की बारीक उंचवटा लागतो. मावशीकडे कामाला येणाऱ्या ताईंना मी दाराशी बसून दाखवलं, की इथे फडकं पिळून घ्यायचं आणि हॉलकडून दाराकडे पाणी लोटायचं नाही. त्यांनी लगेच विचारलं, "आणि बाथरूमच्या दाराचं?" प्रश्न बरोबर होता. तिथे ग्रॅनाइटचा उंबरा होता, लाकडाहून दीड इंच उंच, त्यामुळे पाणी अडत होतं. तिथे फळी आणि ग्रॅनाइटमध्ये फट ठेवून ती लवचिक सीलंटनं भरली. उभ्या दगडाला भिडताना पट्टीची गरज नसते.

सागवानाची पट्टी करून घ्यायची का, असं मावशीनं विचारलं होतं. चांगला सुतार रंध्यानं हवा तो उतार काढून देतो, खालून खाच मारतो, आणि ती फ्लोअरिंगला शोभतेही. पण सागाचा ओठ 4 मिलिमीटरपेक्षा पातळ केला तर पायाखाली तुटतो. म्हणजे लाकडाच्या बाजूनं आणखी 4 मिलिमीटरची कड वर येते. तरुण घरात चालेल, मावशीच्या घरात नको वाटली. अॅल्युमिनियमचा ओठ 2 मिलिमीटरमध्ये भागतो.

ज्यांचं घर अजून बांधून व्हायचंय किंवा जुन्या टाइल्स काढायच्याच आहेत, त्यांना या सगळ्या उताराची गरजच पडू नये. टाइलच्या मिस्त्रीला काम सुरू होण्याआधी एवढंच सांगायचं, की बेडरूमचा कोबा हॉलच्या टाइलच्या माथ्यापेक्षा 10 मिलिमीटर खाली ठेव. फोम आणि फळी मिळून 10 भरते, दोन्ही जमिनी एका पातळीत येतात आणि साधी टी-पट्टी बसते. त्यासाठी फ्लोअरिंग कोणतं घ्यायचं ते आधी ठरलेलं हवं. आजकाल दगडी पूड मिसळलेल्या प्लास्टिकच्या एसपीसी फळ्या मिळतात, त्या चिकटवलेल्या फोमसकट 5-6 मिलिमीटरच्या असतात. मग कोबा 10 खाली ठेवला तर लाकडी बाजूच खड्ड्यात जाईल. टी-पट्टीच्या फटीचाही हिशेब तोच. चार मिलिमीटरचा दांडा असेल तर फट 14 ठेवायची, म्हणजे दांड्याच्या दोन्ही अंगांना पाच-पाच मिलिमीटर मोकळे राहतात, आणि माथा 40 मिलिमीटर रुंद घ्यायचा. दांडा जाडा निघाला आणि त्यानं सगळी फट भरून टाकली, तर पट्टी बसते, पण फळीला जागा उरत नाही. मोजपट्टीनं फट मोजून लोक समाधानी होतात, दांड्याची जाडी त्यातून वजा करायला विसरतात.

ऑगस्टमध्ये झाकण दाबून बसवल्यावर मी ओठाच्या कडेला लागून फळीवर पेन्सिलीनं एक बारीक रेघ ओढली होती. मावशीला ती खटकली. "नवीन जमिनीवर कशाला रेघोट्या?" म्हटलं, राहू दे, एप्रिलमध्ये पुसू.

एप्रिलमध्ये गेले तेव्हा रेघ ओठापासून चार मिलिमीटर आत, खोलीच्या बाजूला सरकलेली होती. पट्टी जागच्या जागी, कडेला काळी फट नाही, पाय दिल्यावर आवाज नाही. सांधा जिथे उचलला होता तिथे तळहात फिरवून पाहिला, सपाट होता. मावशीनं ओलं फडकं आणलं, दाराशी येताच ते पिळलं आणि रेघ पुसून टाकली.